ऐनवेळी लग्नाची पत्रिका आली: सीएल टाकायची की पीएलसाठी एचआरच्या मागे लागायचं?

लग्नसराई आली की ऑफिसात हा प्रश्न कुणाचा ना कुणाचा असतोच. पॉलिसी म्हणते पीएल हवी तर 15 दिवस आधी टाका, आणि इकडे मामाचा फोन येतो की पुढच्या शुक्रवारी लग्न आहे. आता मामा तरी काय करणार? स्थळ जुळलं, साखरपुड्यातच लग्न उरकायचं ठरलं, कुणाचं तरी बुकिंग रद्द झालं म्हणून हॉल मिळाला, की झालं, छापील पत्रिकेच्या आधी व्हॉट्सॲपवर फोटो येतो. त्यात नोटीस पिरियड कुठून बसवणार.

दोन्ही रस्ते मी वापरलेत. माझा कल कुठे आहे ते वाचता वाचता कळेलच, पण तुमच्या कंपनीचं वेगळं असू शकतं, तेवढं धरून चाला.

समजायला सोपं जावं म्हणून माझंच उदाहरण घेतो. चाकणला लॉजिस्टिक्सच्या ऑफिसात आहे, आपल्या एमआयडीसी पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी असते तशी साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. मामेबहिणीचं लग्न मे महिन्यात, गडहिंग्लजला, शुक्रवारी दुपारचा मुहूर्त, गुरुवारी हळद. म्हणजे बुधवारी निघायचं, गुरुवार आपलाच, शुक्रवारी लग्न, रात्रीची गाडी पकडून शनिवारी कामावर. आठवडाभर आधी कळलेलं. ऐकायला फक्त दोन दिवसांची रजा, बुध आणि शुक्र.

आता हे दोन दिवस पीएलमध्ये टाकायचे झाले तर काय होतं बघा. पहिलं म्हणजे पोर्टलच आडवं येतं. कॅलेंडरमध्ये 15 दिवसांच्या आतल्या तारखा राखाडी झालेल्या असतात, त्यावर क्लिकच होत नाही. मग मॅनेजरला मेल, मॅनेजरचा त्याच्या वरच्याला मेल, तिथून एचआरला, आणि एचआरने ओव्हरराइड दिला की मग तुम्ही अर्ज टाकणार. दुसरं म्हणजे सँडविच. दोन रजांच्या मधे साप्ताहिक सुट्टी आली तर आमच्याकडे पीएलमध्ये तीही मोजतात, म्हणजे माझा हक्काचा गुरुवारसुद्धा रजेच्या खात्यातून गेला, दोनाच्या जागी तीन. सीएलमध्ये हे सँडविच आमच्याकडे लागत नाही. बऱ्याच कंपन्यांत असंच आहे असं ऐकून आहे, पण तुमची पॉलिसी एकदा वाचून घ्या कारण काही ठिकाणी सरसकट लावतात.

सँडविचचं मला खरं तर एवढं वाईट वाटत नाही, एक दिवस गेला तर गेला. माझं डोकं फिरवलं ते त्या "पेंडिंग विथ एचआर" ने.

आधीच्या एका लग्नाच्या वेळी मी रीतसर पीएलचाच रस्ता धरला होता. मॅनेजर म्हणाले जा रे, मी बघतो. गेलो, अक्षता टाकल्या, जेवलो, परत आलो, तरी अर्ज तिथेच. पिवळ्या रंगात पेंडिंग. नामंजूर नाही, मंजूर नाही. एचआरला विचारलं तर म्हणे वरून कन्फर्मेशन आलं नाही, वर विचारलं तर म्हणे मी तर मेलला ओके लिहिलंय. या सगळ्यात पगाराची कटऑफ तारीख उलटून गेली, आणि पेरोलवाल्याच्या सिस्टीमला पेंडिंग कळत नाही, मंजूर रजा नाही म्हणजे गैरहजर, गैरहजर म्हणजे बिनपगारी. पगाराची स्लिप बघितली तर एलडब्ल्यूपी, तेही सँडविचसकट. पीएल खात्यात ढीगभर शिल्लक असताना! मग पुढच्या महिन्यात एरिअर्स म्हणून पैसे परत, त्या महिन्याचा पीएफ कमी कापलेला तो वेगळा निस्तरायचा. पैसे बुडाले नाहीत, मान्य. पण हप्ता जायच्या आठवड्यात पगार कमी आला की काय होतं ते ज्याचं त्याला माहीत, आणि रजा घेऊन आल्यावर आपणच आरोपी असल्यासारखं चारचार जणांना मेलचे स्क्रीनशॉट पाठवत बसायचं हे मला परत नको होतं.

म्हणून गडहिंग्लजच्या लग्नाला मी सरळ दोन सीएल टाकल्या. सीएल असते मुळात अशाच अचानकच्या कामासाठी. आपल्या महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यातच वर्षाला 8 पगारी सीएल दिल्यात, 20 किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी, 2025 च्या दुरुस्तीआधी हा आकडा 10 होता. पण त्या एकदम मिळत नाहीत, तिमाहीप्रमाणे खात्यात जमा होतात, आणि 31 डिसेंबरला उरल्या तर लॅप्स. यात लग्नवाल्यांसाठी खरी मेख आहे. फेब्रुवारीतलं लग्न असेल तर पहिल्या तिमाहीच्या दोनच हातात असतात, आणि जानेवारीत तापाला एक गेली असेल तर उरली एक. मे मध्ये मला अडचण आली नाही. तुळशीच्या लग्नानंतरची लग्नं असतील तर उलट सीएल वापरलेलीच बरी, नाहीतरी महिनाभरात लॅप्सच व्हायच्यात.

पीएलचं गणित वेगळं. वर्षात 240 दिवस काम झालं असेल तर दर 20 दिवसांमागे एक, आणि 45 पर्यंत साठते. आणि ते 15 दिवस कंपनीने उगाच काढलेले नाहीत, याच कायद्यात असं आहे की 15 दिवस आधी मागितलेली रजा मालकाने नाकारली तर 45 च्या वरच्या रजेचे पैसे मागता येतात. उशिरा मागितली तर ते बोलायची सोय नाही. कारखान्यांच्या 1948 च्या कायद्यातसुद्धा पगारी रजेला 15 दिवस आधी लेखी अर्जाचीच अट होती, फक्त आजारपणाला सूट. लग्नाला नाही! त्यामुळेच बहुतेक लोक लग्नाला जाताना आजारी पडत असावेत.

त्या सिक लीव्हबद्दल एवढंच सांगतो की नका टाकू. नीती वगैरे सोडा, हळदीचे फोटो तुम्ही नाही टाकले तरी आतेभाऊ टॅग करणारच, आणि दोनापेक्षा जास्त दिवस झाले की बऱ्याच ठिकाणी सर्टिफिकेट मागतात. लग्नघरून वर्क फ्रॉम होम करतो म्हणणाऱ्यांना शुभेच्छा. लॅपटॉप उघडला की कुणीतरी वाढपाला बोलावतंच.

सीएलला नोटीस लागत नाही म्हणजे सांगावं लागत नाही असं मात्र नाही. हे मॅनेजरच्या मर्जीवर असतं आणि तो आधी बघतो की माझं काम कोण करणार. म्हणून मी पोर्टलवर अर्ज टाकायच्या आधी फोन केला, आणि फोननंतर लगेच हा मेसेज:

"सर, मघाशी बोललो त्याप्रमाणे, मामेबहिणीचं लग्न शुक्रवारी गडहिंग्लजला आहे, पत्रिका काल रात्री आली, सोबत पाठवतोय. बुध आणि शुक्र अशा दोन सीएल हव्यात. बुधवारचं डिस्पॅच प्लॅनिंग मंगळवारी संध्याकाळीच करून ठेवतो. शुक्रवारच्या गाड्या स्टोअरमधला सहकारी बघेल, त्याच्याशी बोलणं झालंय. फोन चालू असेल, मुहूर्ताच्या वेळी सोडून. शनिवारी फर्स्टला हजर."

सगळ्यात जास्त उपयोग "बोलणं झालंय" या दोन शब्दांचा झाला. ते नसतं तर सर म्हणाले असते बघू, सांगतो, आणि ते बघू मंगळवारपर्यंत चाललं असतं. पत्रिकेचाही उपयोग होतो, आणि फक्त तारखेसाठी नाही. पत्रिकेत खाली "आपले विनीत" मध्ये वडिलांचं नाव असेल तर नातं वेगळं सांगावं लागत नाही. किलबिलमध्ये "आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं" खाली आपल्या पोराचं नाव आलं तर आणखी उत्तम. गोल करून पाठवा.

आता सीएलची बाजू कुठे कमी पडते तेही सांगायला हवं. बहुतेक ठिकाणी सलग दोन किंवा तीनच मिळतात, आणि सीएलला पीएल जोडता येत नाही, जोडलीत तर सगळीच पीएल धरतात आणि मग आलेच परत ते 15 दिवस आणि पिवळं पेंडिंग. त्यामुळे सख्ख्या भावाबहिणीचं लग्न असेल, देवक, हळद, लग्न, सत्यनारायण, मग मांडव परतणं असं सगळं तुमच्याच अंगावर असेल, तर दोन सीएलमध्ये भागणार नाही, तिथे पीएलचंच एक्सेप्शन मागावं लागेल. अशा वेळी निघायच्या आधी एकच मेल हातात घ्या, ज्यात तारखा, "नोटीसमधून सूट देऊन पीएल मंजूर" हे स्पष्ट, आणि एचआर सीसीमध्ये. तोंडी "जा रे" वर गाडीत बसू नका. आणि पेरोलची कटऑफ कधी आहे ते विचारून ठेवा, रजा कटऑफच्या आधल्या दोनचार दिवसांत येत असेल तर तिथल्या माणसाला स्वतः फोन केलेला बरा, मेल तो वाचेपर्यंत पगार झालेला असतो.

पण चुलत, मामे, मावस लग्न आणि दोन दिवसांचा मामला असेल तर मी तरी पीएलच्या वाटेला जाणार नाही. पीएल साठवून गणपतीला किंवा पोरांच्या सुट्टीत वापरता येते, तेव्हा 15 दिवस आधी सांगायला कुणाची ना नसते.

फक्त एक सांभाळा. सीएल टाकून गेलात की परतीचा दिवस हलू देऊ नका. शुक्रवारी रात्री सगळे म्हणतात थांब रे, उद्या पूजा आहे, आणि शनिवारची तिसरी सीएल सकाळी आठला मेसेज करून टाकली की तो मॅनेजर पुढच्या वेळी फोनवर "हो" म्हणत नाही. थांबावंच लागणार असं वाटत असेल तर शुक्रवारी दुपारी जेवणावळी चालू असतानाच फोन करून टाका, तेव्हा तो ऑफिसात असतो आणि शनिवारची सोय लावायला त्याच्याकडे अजून अर्धा दिवस असतो.