वस्तुमानातली तूट की बंधनऊर्जा: गणित कोणत्या वाटेनं सोडवावं?

केंद्रकीय अभिक्रियेत किती ऊर्जा सुटते हे दोन वाटांनी काढता येतं. एकीत आधीच्या वस्तुमानातून नंतरचं वजा करून उरलेल्या, अणुवस्तुमान एककातल्या (एएमयू) तुटीला ९३१.५ नं गुणायचं, की ऊर्जा एमईव्हीत मिळते. दुसरीत बंधनऊर्जा, म्हणजे केंद्रकातले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन सुटे करायला लागणारी ऊर्जा, वापरायची: नंतरच्या एकूण बंधनऊर्जेतून आधीची वजा करायची. वजाबाकीचा क्रम उलटा आहे, आणि पहिली गफलत तिथेच होते.

ड्युटेरियम आणि ट्रिटियमचं संमीलन घ्या. त्यातून हेलियम-४ आणि एक न्यूट्रॉन मिळतो. आधीचं वस्तुमान २.०१४१०२ + ३.०१६०४९ = ५.०३०१५१ एएमयू, नंतरचं ४.००२६०३ + १.००८६६५ = ५.०११२६८. तूट ०.०१८८८३, म्हणजे १७.५९ एमईव्ही. आता दुसरी वाट: हेलियमची बंधनऊर्जा २८.३०, ड्युटेरियमची २.२२, ट्रिटियमची ८.४८. सुट्या न्यूट्रॉनची शून्य. वजाबाकी १७.६०. काम निम्म्यात झालं.

पहिल्या वाटेवर दशांश स्थळं तोडायची सोय नाही. हीच वस्तुमानं तीन स्थळांपर्यंत घेतलीत तर तूट ०.०१८ येते आणि उत्तर १६.८ वर घसरतं. मोठ्या संख्यांमधला बारीकसा फरक काढायचा म्हटल्यावर हे होणारच.

पण दुसरी वाटही विखंडनात फसवते. युरेनियम-२३५ न्यूट्रॉन गिळून बेरियम-१४१, क्रिप्टॉन-९२ आणि तीन न्यूट्रॉन देतो. दर न्यूक्लिऑनची, म्हणजे दर प्रोटॉन वा न्यूट्रॉनमागची, बंधनऊर्जा युरेनियम, बेरियम आणि क्रिप्टॉनसाठी अनुक्रमे ७.५९१, ८.३२६ आणि ८.५१३ घेतली तर सुमारे १७३ एमईव्ही मिळतात, वस्तुमानांवरूनही तेवढेच. आलेखावरून नजरेनं ७.६, ८.३, ८.५ वाचलेत तर मात्र १६६. कारण प्रत्येक चूक २३५, १४१ किंवा ९२ नं गुणली जाते. ‘साधारण किती’ एवढंच हवं असेल तर आलेख उत्तम, नाहीतर तक्ता उघडा.

एकट्या केंद्रकाची तूट काढताना आणखी एक सापळा असतो. तक्त्यातली वस्तुमानं अणूंची असतात, इलेक्ट्रॉनसकट. म्हणून हेलियमसाठी प्रोटॉनचं १.००७२७६ नव्हे, हायड्रोजन अणूचं १.००७८२५ घ्यायचं. चुकलात तर २८.३ ऐवजी २७.३ येईल. उत्तरातला फरक इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाच्या, म्हणजे ०.५११ एमईव्हीच्या पटीत दिसला की इलेक्ट्रॉन निसटले असं समजा.

मी स्वतः आधी बंधनऊर्जेची वाट धरतो. फक्त एक अट: दोन्ही बाजूंचे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन वेगवेगळे मोजून जुळले पाहिजेत. सूर्यात दोन प्रोटॉनांचं ड्युटेरॉन होताना एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो आणि पॉझिट्रॉन बाहेर पडतो. बंधनऊर्जेनं २.२२ येतात, प्रत्यक्षात सुटतात ०.४२. न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा जड, शिवाय पॉझिट्रॉन घडवायलाही वस्तुमान लागतं. अशा ठिकाणी वस्तुमानांचा तक्ताच हवा.