थेट सीबीनॅट की आधी एक्स-रे? सोलापुरातील क्षयरोग शिबिरासाठी एक तुलना

सोलापूरच्या पूर्व भागात किंवा कुंभारीच्या विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत प्रौढांसाठी क्षयरोग तपासणीचे शिबिर घ्यायचे ठरले, की आयोजकांपुढे साधारणपणे दोन मार्ग असतात. थुंकीतील क्षयजंतूंचा डीएनए ओळखणारे सीबीनॅट यंत्र सुमारे दोन तासांत निकाल देते, म्हणून येणाऱ्या प्रत्येकाची थुंकी थेट त्यावरच तपासावी, हा पहिला मार्ग. आधी सर्वांच्या छातीचा एक्स-रे काढून ज्यांच्या फुप्फुसात क्षयरोगाची शंका येईल त्यांचीच थुंकी यंत्राकडे पाठवावी, हा दुसरा. यंत्र आणि तंत्रज्ञ दोन्हीकडे तेच असले, तरी ‘पॉझिटिव्ह’ या शब्दावर किती विश्वास ठेवायचा हे दोन्हीकडे सारखे राहत नाही, आणि निवड करताना नेमके हेच पाहायला हवे.

तपासणी होण्याआधीच त्या माणसाला रोग असण्याची जी शक्यता आपण धरतो, तिला पूर्वसंभाव्यता किंवा प्रायर म्हणतात. ती मनाने ठरवायची नसते. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 15 वर्षे आणि त्यावरील वयाच्या लोकांमध्ये फुप्फुसाच्या क्षयरोगाचे प्रमाण दर लाखी 316 आढळले. दाट वस्तीत ते अधिक असू शकेल, पण हिशेबाची सुरुवात करायला हा आकडा पुरेसा आहे.

दुसरा घटक लाइकलिहुड, म्हणजे पुराव्याचे वजन. रोग असेल तर असा निकाल किती वेळा येतो आणि रोग नसेल तर तोच निकाल किती वेळा येतो, या दोहोंची तुलना त्यात असते. सीबीनॅटसाठी ढोबळमानाने असे धरता येते, की 100 रुग्णांपैकी 85 जणांचा निकाल पॉझिटिव्ह येतो आणि रोग नसलेल्या 100 जणांपैकी 2 जणांचा येतो. म्हणजे पॉझिटिव्ह निकाल रुग्णात सुमारे साडेबेचाळीस पट अधिक वेळा दिसतो. पुरावा वजनदार आहे, यात शंका नाही. मात्र ‘विशिष्टता 98 टक्के, म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्याला रोग असण्याची खात्री 98 टक्के’ असे जे सर्रास म्हटले जाते (डॉक्टरांच्या तोंडूनही मी ते ऐकले आहे), ते चूक आहे. कारण 98 टक्के निरोगी माणसांचा निकाल निगेटिव्ह येतो, एवढेच विशिष्टता सांगते; पॉझिटिव्ह आलेल्या माणसांविषयी ती बोलत नाही.

आता पहिल्या मार्गाने एक लाख माणसे तपासली असे धरू. त्यांतील 316 रुग्णांपैकी सुमारे 269 सापडतील. उरलेल्या 99,684 निरोगी माणसांपैकी 2 टक्के, म्हणजे सुमारे 1,994 जणांवर खोटा शिक्का बसेल. एकूण 2,263 पॉझिटिव्हांमध्ये खरे रुग्ण 269, म्हणजे जेमतेम 12 टक्के. निकाल हाती आल्यानंतरची ही शक्यता म्हणजे उत्तरसंभाव्यता, अर्थात पोस्टेरियर. शक्यता 0.3 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर गेली, तेव्हा यंत्राने आपले काम चोख केले आहे. सुरुवातच इतक्या खालून झाली होती, की पोहोचलेली उंची उपचार सुरू करण्यास पुरेशी नाही. एवढ्यावर औषधे दिली, तर दर आठ जणांपैकी सात जण विनाकारण सहा महिने गोळ्या घेतील आणि घरात, कारखान्यात ‘टीबीवाला’ म्हणून ओळखले जातील.

दुसऱ्या मार्गात एक्स-रे आधी येतो. क्षयरोगाची शंका घेण्याजोगा बदल 100 रुग्णांपैकी सुमारे 85 जणांत आणि निरोगी 100 पैकी 4 जणांत दिसतो, असे धरू. मग लाखातून 269 रुग्ण आणि 3,987 निरोगी मिळून 4,256 जण पुढे जातील व त्यांच्यात रोगाची शक्यता 6.3 टक्के असेल. एक्स-रेनंतरचा हा पोस्टेरियरच आता सीबीनॅटसाठी प्रायर ठरतो, आणि पुराव्यागणिक शक्यता बदलत नेणाऱ्या या बेझियन विचाराची खरी सोय इथे आहे, कारण प्रत्येक नवा पुरावा आधीच्या हिशेबावर चढतो, पाटी कोरी करावी लागत नाही. यंत्रावर 229 खरे आणि सुमारे 80 खोटे पॉझिटिव्ह येतील. 309 पैकी 229, म्हणजे 74 टक्के.

या बदल्यात काय द्यावे लागते, हेही स्पष्ट सांगायला हवे. पहिल्या मार्गात 47 रुग्ण निसटतात, दुसऱ्यात 87. वाढीव 40 रुग्ण ही किरकोळ गोष्ट नव्हे. परंतु यंत्रात दर नमुन्याला एक लागणारी काडतुसे एक लाखाऐवजी सव्वाचार हजारच पुरतात, आणि थेट मार्गाची एक व्यावहारिक अडचण हिशेबात दिसतच नाही: धडधाकट माणसाला मागितल्याबरोबर चांगला बेडका काढता येत नाही, लाळेचा नमुना हाती येतो आणि रुग्ण पकडण्याची 85 टक्क्यांची क्षमता, म्हणजे संवेदनशीलता, कागदावरच राहते. सर्वसाधारण वस्तीतील शिबिरासाठी म्हणून मी दुसरा मार्ग निवडेन.

फक्त खोकला विचारून माणसे निवडण्याचा तिसरा, स्वस्त पर्यायही सुचवला जातो. राष्ट्रीय सर्वेक्षणातील 42.6 टक्के रुग्ण एक्स-रे नसता तर सापडलेच नसते, एवढे त्याविरुद्ध पुरेसे आहे. शिवाय यंत्रमागावरच्या कापसाच्या तुसाने किंवा विड्या वळताना उडणाऱ्या तंबाखूच्या धुळीने क्षयरोग नसलेलेही खोकत असतील, तर त्या वस्तीत खोकल्याच्या पुराव्याचे वजन आणखी कमी होते.

ओपीडीतील चित्र निराळे आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप आणि घटलेले वजन घेऊन आलेल्यांमध्ये प्रायर 10 टक्के धरला, तर हजारांत 85 खरे आणि 18 खोटे पॉझिटिव्ह येतात आणि पोस्टेरियर थेट 83 टक्क्यांच्या आसपास जातो. तिथे थेट सीबीनॅटच योग्य. मात्र लक्षणे आणि एक्स-रे पाहून अनुभवी डॉक्टरला शक्यता 60 टक्के वाटत असेल, तर निगेटिव्ह निकालानंतरही ती सुमारे 19 टक्के उरते. अशा रुग्णाला ‘टीबी नाही’ म्हणून घरी पाठवणे चूक आहे. दुसरा नमुना आणि थुंकीतील जंतू वाढवून पाहणारे कल्चर करायलाच हवे.

वरच्या हिशेबात दोन गोष्टी मी सोप्या करून घेतल्या आहेत. पहिली अशी, की 85 टक्के हा यंत्राचा कायमचा गुण नव्हे. थुंकीत जंतू भरपूर असलेल्या रुग्णांत सीबीनॅट क्वचितच चुकते, पण सूक्ष्मदर्शकाखाली जंतू न दिसणाऱ्या रुग्णांत ही संवेदनशीलता सुमारे दोन तृतीयांशावर येते. शिबिरात लवकर सापडणारे रुग्ण बहुधा याच दुसऱ्या गटातले असतात, त्यामुळे प्रत्यक्षात निसटणाऱ्यांची संख्या वरच्या आकड्यांहून जास्त असेल.

दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. एक्स-रे आणि सीबीनॅट एकमेकांपासून स्वतंत्रपणे चुकतात, असे मी धरले. पूर्वी क्षयरोगाचे उपचार पूर्ण केलेल्या माणसाच्या बाबतीत ते खरे नसते, कारण जुना व्रण एक्स-रेवर दिसतो आणि मेलेल्या जंतूंचा डीएनए थुंकीत उरलेला असू शकतो. दोन्ही तपासण्या एकाच कारणाने चुकत असतील, तर दुसऱ्या पॉझिटिव्हचे वजन आपण धरले त्याहून कितीतरी कमी असते आणि 74 टक्क्यांचा आकडा या माणसांना लागू पडत नाही. त्यामुळे नोंदणीच्या टेबलावर नाव आणि वयाबरोबरच ‘आधी टीबीची औषधे घेतली होती का, कोणत्या वर्षी?’ हा प्रश्न विचारून त्यांची यादी वेगळी ठेवावी, आणि त्यांचा सीबीनॅट पॉझिटिव्ह आला तरी जिवंत जंतू वाढतात की नाही हे दाखवणाऱ्या कल्चरचा नमुना त्याच दिवशी घ्यावा.