दिवाळी अंकासकटची वर्गणी: उत्पन्न कधी धरायचं?

मासिक चालवणाऱ्यांकडे ऑक्टोबरात वर्गणीचा ओघ सुरू होतो. दिवाळी अंक हाती पडायच्या बेतात असतो, सवलत जाहीर झालेली असते, आणि लोक वर्षभराचे पैसे एकदम भरतात. ते पैसे वहीत कधी उत्पन्न म्हणून लिहायचे, याचे तीन मार्ग मी हिशेब पाहत असलेल्या मासिकांत दिसतात. पैसे आले की लगेच लिहायचे, दरमहा सारखा बारावा हिस्सा लिहायचा, किंवा जो अंक पाठवला त्याच्या किमतीच्या प्रमाणात लिहायचे. वर्गणीच्या बारा महिन्यांत तिन्हींची बेरीज एकच येते. फरक पडतो तो ३१ मार्चच्या ताळेबंदात, आणि मधेच कुणी पैसे परत मागितले तर.

एक उदाहरण धरू. साध्या अंकाची छापील किंमत ६० रुपये, दिवाळी अंकाची ३४०. अकरा साधे आणि एक दिवाळी मिळून १,००० रुपये होतात, वर्गणी ठेवली आहे ९००. म्हणजे दहा टक्के सवलत. ती सगळ्या अंकांवर सारखी वाटली की साधा अंक ५४ रुपयांना आणि दिवाळी अंक ३०६ रुपयांना पडतो. ऑक्टोबरात ४०० जणांनी पैसे भरले आणि त्यांचा पहिला अंक नोव्हेंबरचा, म्हणजेच दिवाळीचा. जमा झाले ३,६०,००० रुपये. मार्चअखेर प्रत्येकाला पाच अंक गेलेले असतील.

| पद्धत | यंदाचं उत्पन्न | वर्गणीदारांचं देणं |
|---|---|---|
| पैसे आले की उत्पन्न | ३,६०,००० | ० |
| दरमहा सारखा हिस्सा | १,५०,००० | २,१०,००० |
| अंकाच्या किमतीनुसार | २,०८,८०० | १,५१,२०० |

पहिली पद्धत सर्वांत सोपी. मालक एकटा असेल आणि हिशेब नियमितपणे रोखीच्या पद्धतीने ठेवत असेल, तर आयकरालाही ती चालते. कंपनीला मात्र हा पर्याय नाही. कंपनी कायद्याने उपार्जित पद्धतच, म्हणजे पैसे येण्यावर नव्हे तर कमावण्यावर उत्पन्न धरणं, बंधनकारक आहे. माझा आक्षेप कायद्याचा नाही, त्या शून्याचा आहे. सात महिन्यांचे अंक छापून द्यायचे बाकी आहेत आणि ताळेबंद म्हणतो, देणं काही नाही. एका संपादकांनी ऑक्टोबरच्या पैशांतून छापखान्याची जुनी थकबाकी मिटवली. नफा दिसत होता, त्यामुळे त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. जूनमध्ये कागदाला पैसे उरले नव्हते आणि वर्गणीदारांचे पाच अंक जायचे होते. वहीत देणं दिसलं असतं तर त्यांनी ते पैसे हातचे राखले असते, असं ते स्वतःच मला म्हणाले. त्यामुळे ही पद्धत ठेवायचीच असेल तर बाकी अंकांची वेगळी वही हवी.

दुसऱ्या पद्धतीत पैसे आले की बँक नावे आणि ‘आगाऊ वर्गणी’ जमा. हे खातं टॅलीत चालू देण्यांखाली उघडायचं, उत्पन्नाखाली नाही. चूक बहुतेक वेळा इथेच होते. मग दर महिन्याला प्रत्येक वर्गणीदारामागे आगाऊ वर्गणी नावे ७५, वर्गणी उत्पन्न जमा ७५. बाराही अंक सारख्याच किमतीचे असतील, किंवा वर्गणी फक्त संकेतस्थळ वाचण्याची असेल, तर यापुढे जायची गरज नाही.

दिवाळी अंक मात्र हे गणित बिघडवतो. त्याचा कागद, छपाई, मानधन असा सगळा खर्च त्याच महिन्यात पडतो आणि समोर उत्पन्न लिहिलं जातं ७५ रुपये. नोव्हेंबर तोट्यात दिसतो आणि पुढचे महिने उगाच भरभराटीचे. बरं, ही चूक एकाच बाजूला झुकते असंही नाही. वरच्या उदाहरणात मार्चअखेर उत्पन्न कमी दिसलं. पण जो वाचक जानेवारीपासून वर्गणी भरतो त्याला मार्चपर्यंत तीन साधेच अंक गेलेले असतात. त्याचे १६२ रुपयेच कमावलेले असतात, पण सारख्या हिश्श्याने २२५ लिहिले जातात. एप्रिल ते मार्च अशी वर्गणी भरणाऱ्यांपुरता वर्षअखेर काहीच फरक पडत नाही. तुमचे बहुतेक वर्गणीदार तसेच असतील तर दुसरी पद्धत खुशाल ठेवा.

तिसरी पद्धत कुणाच्या हौसेतून आलेली नाही. लेखा मानक ९ च्या परिशिष्टात नियतकालिकांच्या वर्गणीचा स्वतंत्र उल्लेख आहे: उत्पन्न काळानुसार सारखं विभागा, पण अंकांची किंमत कमीजास्त असेल तर पाठवलेल्या अंकाच्या किमतीचं एकूण किमतीशी जे प्रमाण असेल त्यानुसार धरा. मराठी मासिकाला हे वाक्य अगदी चपखल बसतं.

तिचा मला सर्वांत पटलेला फायदा वर्गणी रद्द होताना दिसतो. समजा डिसेंबरचा अंक गेल्यावर एका वाचकाने उरलेले पैसे परत मागितले. सारख्या हिश्श्याने त्याचे ७५० रुपये बाकी दिसतात. किमतीनुसार पाहिलं तर ३०६ आणि ५४ मिळून ३६० रुपयांचे अंक त्याच्याकडे पोचलेत, बाकी ५४० आहेत. मधले २१० रुपये त्याच्या हातातल्या दिवाळी अंकाचे आहेत. अर्थात परताव्याचा हा हिशेब वर्गणीच्या पावतीवर आधीच छापलेला हवा, नाहीतर वाद होतो.

या पद्धतीत श्रम कुठे आहेत तेही सांगते. उत्पन्न कॅलेंडरवर नाही, टपालात अंक पडण्यावर धरायचं. मार्चचा अंक ५ एप्रिलला निघाला तर त्याचे ५४ रुपये पुढच्या आर्थिक वर्षात जातात. जोडअंक काढला तर त्यात किती अंकांची किंमत मोजायची हे आधी ठरवावं लागतं. टपालात गहाळ झालेल्या अंकाची दुसरी प्रत पाठवली तर तिचं उत्पन्न पुन्हा लिहायचं नाही. मुदत संपण्याआधीच कुणी नूतनीकरण केलं तर नवी वर्गणी जुना शेवटचा अंक गेल्यानंतरच मोजायला लागायची. तोवर ती पूर्ण रक्कम देण्यातच राहते.

हिशेब बरोबर आहे का, हे ओळखायला एकच ताळा पुरतो. महिनाअखेरीला वर्गणीदारांच्या यादीतून बाकी अंक मोजा. आपल्या उदाहरणात मार्चअखेर ४०० गुणिले ७ गुणिले ५४, म्हणजे १,५१,२००. आगाऊ वर्गणी खात्यात नेमकी हीच शिल्लक हवी. शिल्लक जास्त असेल तर एखाद्या पाठवलेल्या अंकाची नोंद राहिली आहे. कमी असेल तर बहुधा कुणाचं नूतनीकरण थेट उत्पन्नात गेलं आहे. सगळा आकडा शून्यावर आला की समजा, नोंदणाऱ्याने पैसे येतानाच उत्पन्न खातं निवडलं.

आजीव वर्गणी या तिन्हींत बसत नाही, कारण किती अंक द्यायचे याला अंतच नाही. नवी घेणार असाल तर पावतीवर वर्षांची मर्यादा लिहा, म्हणजे तीही अंकांत मोजता येईल.

दिवाळी अंक वर्गणीत असेल आणि वर्गणीदार वर्षभर केव्हाही येत असतील, तर मी तिसरीच पद्धत निवडेन. बदल एक एप्रिलपासून करा. त्याआधी यादीत ‘पहिला अंक’, ‘शेवटचा अंक’ आणि ‘दिवाळी अंक पाठवला का’ असे तीन रकाने वाढवा. ते भरताना जुन्या नोंदींतले घोळ तिथेच सापडतात. लेखापरीक्षकांनाही आधी कळवा, कारण पद्धत बदलल्याचा नफ्यावर झालेला परिणाम ताळेबंदाच्या टिपांत दाखवावा लागतो.