फ्री डिलिव्हरीसाठी आणखी एक वस्तू घ्यावी की सरळ चार्ज भरावा?

कार्टमध्ये ४३० चं सामान आहे, ५०० च्या वर डिलिव्हरी फुकट आहे आणि त्याखाली ४० चार्ज लागतो, असं धरू. वर पट्टी झळकते: ‘फ्री डिलिव्हरीसाठी आणखी ७० ची खरेदी करा’. या पट्टीत ७० चा आकडा ठळक असतो. चार्ज ४० च आहे, हे मात्र खाली बिलात जाऊन बघावं लागतं. खरं तर हे दोन आकडे शेजारी ठेवले की अर्धा निर्णय तिथेच होतो.

चार्ज भरला तर खिशातून जातात ४७०. वस्तू वाढवली तर कमीत कमी ५००, आणि तेही बरोबर ७० ची वस्तू सापडली तर. ती सहसा सापडत नाही. ८५ चं काहीतरी घेतलं जातं आणि बिल ५१५ होतं. म्हणजे ४० वाचवायला गेलो आणि ४५ जास्त दिले. कमी पडणारी रक्कम चार्जपेक्षा मोठी असेल, तर कुठलीही वस्तू घातली तरी एकूण बिल खाली येऊच शकत नाही.

मग ते खाली येतं कधी? मर्यादेतून चार्ज वजा करा. इथे ५०० मधून ४० गेले, राहिले ४६०. कार्ट ४६० ते ५०० च्या मधे असेल तरच भर घालून पैसे वाचतात.

| कार्ट | चार्ज भरून | वस्तू वाढवून |
|---|---|---|
| ४३० | ४७० | कमीत कमी ५०० |
| ४६५ | ५०५ | ३५ ची वस्तू मिळाली तर ५०० |
| ४७५ | ५१५ | ३० ची वस्तू घेतली तर ५०५ |

शेवटच्या ओळीत वस्तू घरी आल्यावर कुणाला देऊन टाकली तरी १० वाचलेच. मधल्या ओळीत मात्र फार हुरळून जाऊ नये. तिथे ३५ ते ३९ च्या दरम्यानची वस्तू हवी. ४० ची घेतली की बरोबरी आणि ४५ ची घेतली की तोटा. इतकी नेमकी किंमत शोधत बसण्यात जो वेळ जातो, त्यापेक्षा चार्ज भरलेला बरा, असं माझं मत.

आता ४३० च्या कार्टकडे परत येऊ, कारण खरा पेच तिथेच आहे. ८५ चा साबणाचा संच घातला आणि तो साबण घरात लागणारच आहे, तर? आज ४५ जास्त गेले, पण ८५ ची वस्तू हातात आली. म्हणजे ती ४५ ला पडली. ‘ही ४५ ला मिळत असती तर मी घेतली असती का?’ हा प्रश्न स्वतःला विचारावा. उत्तर हो असेल तर जरूर घ्या. फक्त याला ‘बिल कमी झालं’ म्हणू नका. बिल वाढलंच आहे, पुढचा खर्च आधी झाला आहे.

त्यातही एक खोच आहे. समजा पुढची ऑर्डर साबण धरून ५४० ची होणार होती. साबण आजच घेतला, तर ती ४५५ वर येते आणि ४० चा चार्ज तिथे लागतो. आज वाचलेले ४० पुढच्या वेळी परत द्यावे लागले, हाती काहीच उरलं नाही. पुढची ऑर्डर साबणाशिवायही मर्यादा ओलांडणार असेल, किंवा तेव्हा तशीही चार्जसकटच मागवावी लागणार असेल, तरच ही बचत टिकते. आणि आजच्या सामानाची घाई नसेल, तर थांबून दोन्ही ऑर्डरी एकत्र केलेल्या सगळ्यात स्वस्त.

वस्तू घालायचं ठरलंच, तर ती मोजली जाते का ते बघा. अनेक विक्रेते एकाच ठिकाणी असतात तिथे मर्यादा कधीकधी प्रत्येक विक्रेत्याची वेगळी असते. दुसऱ्याची वस्तू घातली तर फरक पडत नाही. हाताळणी शुल्क वेगळं लावलं असेल, तर डिलिव्हरी फुकट झाली तरी ते तसंच राहू शकतं.

मर्यादा गाठायला वस्तू घ्यायची आणि मग परत करायची, ही युक्तीही दर वेळी चालत नाही. काही दुकानं उरलेलं सामान मर्यादेखाली गेलं की परताव्यातून डिलिव्हरी चार्ज कापतात. ८५ ची वस्तू परत केली की हातात ४५ येतात.

कूपनचं गणित तर उलटंही फिरतं. कार्ट ५२० चं आहे आणि २५ ची सूट देणारं कूपन लावलं. मर्यादा सूट वजा करून मोजत असतील तर रक्कम ४९५ होते, ४० चा चार्ज येतो आणि द्यावे लागतात ५३५. कूपन काढून टाकलं तर ५२०. कूपन ठेवून १० ची एखादी वस्तू घातली तर ५०५. ही भर मात्र डोळे मिटून घालावी.