पाणंदीला मुरूम की क्रशरची मिक्स खडी? दबाईनंतरच्या जाडीवरून गाड्यांचा हिशोब

एस्टिमेटमध्ये आकडा असतो घनमीटरचा, आणि तो दबाई झाल्यानंतरच्या थराचा. खाणीवर बोलणं होतं ब्रासमध्ये, आणि ते सुट्या मालाचं. निपाणी, चिक्कोडी, हुक्केरीकडच्या पाणंदींवर ‘माल कमी पडला’ म्हणून जे वाद होतात, त्यांतले बरेचसे या दोन आकड्यांच्या मधल्या जागेतले असतात. मुरूम घ्यायचा की क्रशरवरची मिक्स खडी, हे बहुतेक पंचायतींत दरावरून ठरतं. दर बघायलाच हवा. पण कोणता माल किती मागवायचा हे आधीच खात्रीनं सांगता येतं, याला मी थोडं जास्त वजन देतो, आणि तिथं मुरूम मागे पडतो असं माझं मत झालंय.

एक साधी पाणंद धरू. लांबी १ किलोमीटर, रुंदी ३.७५ मीटर, दबाईनंतर १५० मिलिमीटर जाडी. गुणाकार केला की ५६२.५ घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर, त्या हिशोबानं घट्ट झालेला माल साधारण १९९ ब्रास. सुटा माल याहून जास्त लागणार हे सगळ्यांना माहीत असतं. प्रश्न आहे किती जास्त, याचा.

त्याचं उत्तर घनतेत आहे. दाबलेल्या थराची कोरडी घनता भागिले गाडीतल्या सुट्या मालाची कोरडी घनता, हाच गुणक. मिक्स खडी म्हणजे ४० मिलिमीटरच्या आसपासपासून चुरीपर्यंत सगळी मापं असलेला माल. तो दगड एकाच क्रशरचा असतो, मापं ठरलेली असतात, त्यामुळे गुणक १.२८ ते १.३२ च्या मधेच घुटमळतो. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या दरविश्लेषणातही जीएसबीच्या, म्हणजे रस्त्याच्या तळाच्या मिक्स खडीच्या, ३०० घनमीटर थराला ३८४ घनमीटर सुटा माल धरलेला आहे, म्हणजे १.२८. आपल्या पाणंदीला हा हिशोब लावला तर २५४ ते २६२ ब्रास येतात. फरक आठ ब्रासचा, म्हणजे तीन-चार टिप्परचा.

मुरमाचा गुणक १.२५ सुद्धा असतो आणि १.४० सुद्धा, आणि दोन्ही एकाच खाणीतून येऊ शकतात. म्हणजे २४८ ते २७८ ब्रास. तीस ब्रासची ही दरी शेवटी कुणाच्या तरी खिशातून भरली जाते, किंवा रस्त्याची जाडी १३० मिलिमीटरवर थांबते आणि ते कुणाला कळत नाही. माझ्या दृष्टीनं निवड ठरवणारी कटकट हीच आहे. मुरूम वाईट म्हणून नव्हे, त्याचा हिशोब धरता येत नाही म्हणून.

असं का होतं ते पाहू. खाणीच्या वरच्या भागातला मुरूम बारीक आणि मातकट असतो, तो गाडीतच बराच बसतो. जेसीबी खाली गेला की डबर आणि ढेकळं येतात. ढेकळांच्या मधे पोकळी राहते, गाडी भरलेली दिसते आणि आत हवा असते. रोलर फिरला की मऊ ढेकळं फुटतात, त्यांचा चुरा पोकळ्यांत शिरतो आणि थर अपेक्षेपेक्षा खाली जातो. काळ्या दगडाचा अर्धकच्चा मुरूम तर पहिल्या पावसाळ्यानंतरही फुटतच राहतो. खानापूरकडचा तांबडा, जांभ्याचा मुरूम वेगळा. त्यातले गोटे कठीण असतात, पण भोवतीची माती चिकट असते. ती ओली असताना दाबली तर रोलरला चिकटते, कोरडी असेल तर दबतच नाही.

ओलावा हा आणखी एक घोळ. मुरूम दाबायला सुमारे दहा-बारा टक्के पाणी लागतं, म्हणून पावसानंतरचा ओला मुरूम आला की लोक खूश होतात. पण वजनावर घेतला तर शंभर टनांतलं नऊ-दहा टन पाणीच असू शकतं. मापावर घेतला तर किंचित ओला बारीक माल फुगून बसलेला असतो, त्यामुळे ब्रास जास्त दिसतात. कोणत्याही बाजूनं मोजा, खरा माल किती हे कोडं उरतंच.

मिक्स खडीचा मोठा फायदा इथं आहे, आणि तो फारसं कुणी वापरत नाही. तिचा हिशोब ब्रासमध्ये करायचीच गरज नाही. दाबलेल्या थराची कोरडी घनता घनमीटरला २.२ टनांच्या आसपास धरा. ५६२.५ गुणिले २.२ म्हणजे १२३७ टन; वर चारेक टक्के ओलावा धरला की साधारण १२९० टन. क्रशरला वजनकाटा असतोच. इकडे कर्नाटकात रॉयल्टीही टनावर आहे, सीमेपलीकडे महाराष्ट्रात ती ब्रासवर. त्यामुळे आपल्याकडे पावतीवर टन मिळणं अवघड नाही. पावत्यांची बेरीज १२९० च्या जवळ आली आणि रस्ता तरी पूर्ण झाला नाही, तर दोष मालात नाही, रुंदीत किंवा जाडीत शोधायचा. दगड काळा आहे की ग्रॅनाइटचा, यावर २.२ हा आकडा थोडा हलतो, म्हणून क्रशरच्या मालाची प्रयोगशाळेतली घनता आधी मागून घ्यावी.

ब्रासवरच घ्यायचं असेल, तर गाडी मोजण्याची पद्धत तरी ठरवून घ्या. समजा टिप्परची बॉडी आतून १४ फूट लांब, ७ फूट रुंद, ३ फूट उंच. पूर्ण भरली तर २९४ घनफूट, म्हणून तिला ‘तीन ब्रासची गाडी’ म्हणतात. पण माल फळीच्या सहा इंच खाली असेल तर २४५ घनफूटच, म्हणजे अडीच ब्रासलाही थोडा कमी. वर शीग दिसते म्हणून गाडी भरलेली समजू नका. कोपरे रिकामे असतात. माल ओढून सपाट करायचा आणि फळीपासूनची खोली चार कोपऱ्यांत आणि मधे मोजायची. ही मोजणी खाणीवर करायची की साइटवर, हेही आधीच लिहून ठेवा. खराब रस्त्यानं वीस किलोमीटर आलेला मुरूम वाटेतच बसतो. खाणीवरचा गुणक साइटवरच्या मापाला लावला की हिशोब चुकतो.

गुणक अंदाजानं धरण्यापेक्षा एका गाडीवर काढता येतो. वरची २४५ घनफुटांची गाडी म्हणजे ६.९४ घनमीटर. ती ३.७५ मीटर रुंद आणि साडेनऊ मीटर लांब पट्ट्यावर सारखी पसरली तर सुटी जाडी १९५ मिलिमीटर येते. ठरलेल्या पाण्यासह, ठरलेल्या रोलरनं, ठरलेल्या फेऱ्यांनी दाबा आणि पाच ठिकाणी खड्डा घेऊन जाडी मोजा. सरासरी १४५ आली तर गुणक १.३४. हा पट्टा आधीच टणक असलेल्या जमिनीवर घ्या. काळ्या मातीवर घेतला तर मुरूम खाली रुततो आणि रुतलेला मालही दबाईच्या खात्यात जातो. खाणीचा थर बदलला, मालाचा रंग बदलला, की पट्टा पुन्हा. मिक्स खडीला एकदा केला की बहुधा पुरतो.

रुंदीबद्दल एक गोष्ट नेहमी सुटते. दोन्ही बाजूंना साइडपट्टी आधी बांधून मधे माल भरला तर ३.७५ हीच रुंदी. पण उघड्यावर थर टाकला तर कडा उतरत्या राहतात. १५० मिलिमीटर जाडीला दोनास एक उतार धरला तर सरासरी रुंदी ४.०५ मीटर होते, म्हणजे आठ टक्के जास्त माल. वरच्या मिक्स खडीच्या हिशोबात तेच वीस ब्रास. हे न धरता माल मागवला की गुणक चुकला असं वाटतं, आणि बिचाऱ्या गाडीवाल्यावर संशय जातो.

आता मिक्स खडीच्या तक्रारी, कारण त्याही खऱ्या आहेत. चुरीला चिकटपणा नसतो. वर डांबर पडणार नसेल आणि उघड्या थरावरून ऊसाचे दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर जाणार असतील, तर हंगाम संपेपर्यंत बारीक माल धुळीत उडतो आणि वर सुटी खडी नाचते. म्हणून फक्त वरच्या ५० मिलिमीटरमध्ये पाच भाग मिक्स खडीला एक भाग बारीक, थोडा चिकट मुरूम मिसळतात. जास्त मिसळला तर पावसात निसरडं होतं. कणकुंबी, जांबोटीकडच्या पावसात तर फारच. दुसरी तक्रार, ढीग ओतला की मोठी खडी घरंगळून कडेला जाते. तशीच पसरली तर काही जागा नुसत्या खडीच्या राहतात आणि त्या कितीही दाबल्या तरी बसत नाहीत. ढीग पाणी मारून, जेसीबीनं उलटापालटा करूनच पसरायचा.

तिसरी गोष्ट काळ्या जमिनीची. चिक्कोडी, अथणीकडच्या काळ्या मातीवर मिक्स खडी थेट टाकू नये. पावसाळ्यात माती मऊ होते, खडी खाली जाते, माती फटींतून वर येते आणि दोन्ही वाया जातात. तिथं खाली १०० मिलिमीटर मुरमाचा थर हवाच, आणि त्याला गुणकात सवलत द्यायची नाही, तो १.४० नं मोजलेला बरा, कारण थोडा माल मातीत जातोच.

त्यामुळे जिथं खाण दोन-तीन किलोमीटरवर आहे, क्रशर चाळीस किलोमीटरवर आहे आणि रस्त्यावरून बैलगाडी, दुचाकी आणि अधूनमधून एखादा ट्रॅक्टर जातो, तिथं मुरूम घेणाऱ्याला मी अडवणार नाही. मात्र त्यानं वर सांगितल्याप्रमाणे पट्टा घेऊन, गुणक काढूनच माल मागवावा आणि साधा रोलर असेल तर १५० मिलिमीटर एकदम न दाबता ७५-७५ चे दोन थर करावेत. ऊसाची वाहतूक असेल, मागवायच्या मालाचा आकडा आधी सांगावा लागणार असेल आणि क्रशर आवाक्यात असेल, तर खाली मुरूम आणि वर मिक्स खडी, खडीची पावती टनात, हेच मला जास्त सोयीचं वाटतं. शेवटच्या पाच-सहा टिप्परची ऑर्डर मात्र पहिले पाचशे मीटर दाबून, जाडी मोजून झाल्यावरच द्यावी.