घर सोडताना नेमकं काय बंद करायचं: व्हिरमाँ पेर्मानाँ की प्रेलेव्हमाँ?

फ्रान्समध्ये भाड्याच्या घरात राहणाऱ्यांपुढे हा प्रश्न दोनदा येतो. घर घेताना एजन्सी विचारते की भाडं तुम्ही स्वतः पाठवणार की आम्ही तुमच्या खात्यातून काढून घेऊ. आणि घर सोडताना बँकेच्या स्क्रीनवर तारखा नि वजा चिन्हाच्या आकड्यांची एक यादी दिसते, तिच्यातलं नेमकं काय बंद करायचं ते ठरवावं लागतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रसंगात दडलेलं आहे असं आता मला वाटतं, म्हणून दोन्हींबद्दल एकत्रच लिहितो.

दोन्हींतला मूळ फरक तुम्हाला ठाऊक असेलच. Virement permanent म्हणजे माझ्या बँकेला मी दिलेली कायमची सूचना: दर महिन्याच्या अमुक तारखेला अमुक रक्कम अमुक खात्यात टाक. Prélèvement म्हणजे समोरच्याला मी दिलेली परवानगी, आपल्याकडच्या एनएसीएच मँडेटसारखी. मागणी तो करतो, बँक पैसे देते. ज्याने सुरू केलं त्याच्याकडे लगाम, एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं बरंचसं सोपं होतं.

गोंधळ होतो तो येणाऱ्या व्यवहारांच्या पानावर. तिथे Opérations à venir या मथळ्याखाली दोन्ही एकाच ओळीत, एकाच रंगात उभे असतात. ओळीच्या सुरुवातीला VIR असेल तर ते तुम्ही पाठवताय, PRLV असेल तर कोणीतरी ओढून घेतंय. शंका उरलीच तर ओळ उघडून तपशील बघा. RUM आणि ICS ही दोन अक्षरसमूहं दिसली की ते प्रेलेव्हमाँच, व्हिरमाँला ही दोन्ही नसतात. RUM हा त्या एका मँडेटचा क्रमांक. ICS ही पैसे घेणाऱ्याची ओळख. फ्रेंच कंपनीची असेल तर ती FR ने सुरू होते, मग दोन आकडे, मग बहुधा ZZZ आणि शेवटी सहा अक्षरं-आकडे. या दोन्हींतला फरक पुढे फार कामाला येतो. (CB किंवा CARTE ने सुरू होणारी ओळ या दोन्हींपैकी नव्हे. ते कार्डावरचं पेमेंट असतं आणि वर्गणीचं असेल तर ते विक्रेत्याकडेच बंद करावं लागतं. बँकेच्या या दोन याद्यांमध्ये ते सापडणार नाही.)

आता माझं घडलं ते सांगतो. तुलूझमध्ये मी फर्निचरसह असलेल्या एका खोलीत राहत होतो. मालक खासगी, भाडं 640 युरो, दर महिन्याच्या 5 तारखेला व्हिरमाँ पेर्मानाँने जायचं. घरविमा 14.80 युरो, 8 तारखेला प्रेलेव्हमाँने. महिन्याची नोटीस देऊन 30 जूनला चावी परत केली. त्याआधी 28 जूनला बँकेचं अ‍ॅप उघडलं, येणाऱ्या व्यवहारांत 5 जुलैची VIR ओळ दाबली आणि Annuler निवडलं. हिरवी खूण आली. काम झालं असं मला मनापासून वाटलं.

5 जुलैला खरोखरच काही गेलं नाही. 5 ऑगस्टला मात्र 640 युरो गेले.

मी रद्द केला होता तो फक्त एक हप्ता. येणाऱ्या व्यवहारांच्या पानावरून रद्द केलं तर माझ्या बँकेत ती एक échéance, म्हणजे त्या तारखेचा हप्ताच तेवढा पुसला जात होता. मूळ सूचना Virements, मग Virements permanents या वेगळ्या पानावर शाबूत होती. तिथे Supprimer le virement permanent असं वेगळं बटण होतं आणि ते मी पाहिलंच नव्हतं. याच एका गोष्टीने माझा कौल फिरवला. दोन पानं, दोन बटणं, दोन्हींना तशीच हिरवी खूण. आणि आपण चुकीचं दाबलंय हे कळतं ते पाच आठवड्यांनी, खात्यातून पैसे गेल्यावर.

खरा त्रास त्यानंतरचा. मी बँकेला फोन केला तेव्हा तिथल्या बाईंनी शांतपणे समजावलं, “मस्यू, आदेश तुमचाच होता आणि खातंही बरोबर होतं. आम्ही समोरच्या बँकेला परतीची विनंती पाठवू शकतो, पण ते खातेदार हो म्हणाले तरच पैसे येतील.” त्यांचं बरोबर होतं. पूर्ण झालेलं व्हिरमाँ उलट फिरवण्याचा हक्क पाठवणाऱ्याला नसतो. मालक म्हातारे आणि सज्जन. पण ते सुट्टीवर गेलेले, आणि ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये कोण उत्तर देतं? तीन आठवडे गेले, दोन पत्रं झाली, तेव्हा पैसे परत आले. तेवढ्यात नव्या घराचं भाडंही द्यायचं होतं, ते कसंबसं निभावलं.

त्याच उन्हाळ्यात प्रेलेव्हमाँचीही अशीच चूक झाली, पण तिचा शेवट फार वेगळा. जुन्या घराचा विमा मी 30 जूनपासून संपवला होता आणि तसं लेखी उत्तरही माझ्याकडे होतं. तरी 8 जुलैला 14.80 युरो कापले गेले. 6 ऑगस्टला, भाड्याचा घोळ कळल्याच्या दुसऱ्या दिवशी, ते माझ्या लक्षात आलं. PRLV ओळ उघडून परतीची मागणी केली आणि दोन कामकाजी दिवसांत पैसे खात्यात जमा. सेपा या युरोपातल्या सामायिक पेमेंट व्यवस्थेच्या नियमांप्रमाणे पैसे कापल्यापासून आठ आठवड्यांपर्यंत कारण न देता रक्कम परत मागता येते. माझ्या बाबतीत ती मुदत 2 सप्टेंबरपर्यंत होती. मँडेट मुळात दिलेलंच नसेल तर मुदत 13 महिन्यांची.

आता तराजूचं दुसरं पारडं. प्रेलेव्हमाँ बंद करायला एकच बटण असतं असं नाही, आणि माझी सगळ्यात मोठी चूक इथे थोडक्यात टळली. नव्या घराचा विमाही मी त्याच कंपनीकडून घेतला होता. म्हणजे ICS एकच, पण RUM दोन: एक जुन्या कराराचा, एक नव्याचा. स्क्रीनवर दोन पर्याय होते. मँडेट रद्द करणं, Révoquer le mandat, म्हणजे त्या एका RUM वरचं सगळं थांबतं. पैसे घेणाऱ्यालाच अडवणं, Bloquer le créancier, म्हणजे त्या ICS वरून येणारी प्रत्येक मागणी थांबते. माझं बोट दुसऱ्या पर्यायावर होतं. तो दाबला असता तर नव्या घराच्या विम्याचा हप्ताही परत गेला असता. हप्ता थकला की कंपनी आधी रीतसर ताकीद देते, तिच्यानंतर 30 दिवसांनी विम्याचं संरक्षण स्थगित होतं आणि आणखी 10 दिवसांनी ती करारच संपवू शकते. भाडेकरूला इथे घरविमा सक्तीचा आहे, त्यामुळे ही साधी गोष्ट नव्हे. बँकेनुसार बटणांवरचे शब्द थोडे बदलतात. म्हणून दाबण्याआधी एकच तपासा: समोर RUM दिसतोय की नुसतं कंपनीचं नाव? RUM असेल तर तो आपल्या जुन्या कराराच्या कागदाशी पडताळा, मगच पुढे जा. आणि Opposition असा शब्द दिसला तर तो एका येणाऱ्या हप्त्यापुरता आहे की कायमचा, ते खालच्या बारीक ओळीत वाचा. व्हिरमाँचं माझं जे झालं तेच इथेही होऊ शकतं.

आणखी एक मर्यादा. मँडेटचा मूळ कागद बँकेकडे नसतो, पैसे घेणाऱ्याकडे असतो. म्हणून नवं मँडेट बँकेच्या यादीत बहुधा पहिला हप्ता आल्यावरच दिसतं, त्याआधी शोधून उपयोग नाही. शिवाय बँकेत मँडेट रद्द केलं म्हणजे करार संपला असं होत नाही. इंटरनेटची किंवा विजेची कंपनी उरलेले पैसे मागतच राहील. आधी करार संपवायचा, मँडेट रद्द केल्याचं त्यांनाही कळवायचं, आणि बँकेत त्याची नोंद करायची. वेळेचा नियम दोन्हींना सारखाच: ठरलेल्या तारखेच्या आदल्या कामकाजी दिवसाअखेरपर्यंत. हप्ता सोमवारी असेल तर शुक्रवार हा शेवटचा दिवस.

खात्यात पैसे नसतील तर प्रेलेव्हमाँ परत जातं आणि बँक त्याचं शुल्क लावू शकते, जास्तीत जास्त 20 युरो, पण हप्त्याच्या रकमेहून अधिक नाही. ज्यांचा पगार कधी 1 तारखेला तर कधी 6 तारखेला येतो, त्यांनी हे नक्की मनात धरावं. अशांना व्हिरमाँची तारीख स्वतः पुढे ढकलण्याची सोय खरंच मोलाची वाटेल, आणि ते मी नाकारत नाही.

भाड्यासाठी प्रेलेव्हमाँ सक्तीचं करता येत नाही, हेही सांगायला हवं. 6 जुलै 1989 च्या भाडेकायद्यातल्या कलम 4 प्रमाणे करारात तशी अट घातली तरी ती नसल्यासारखीच धरली जाते. तेव्हा निवड तुमचीच. माझे बरेच मराठी मित्र व्हिरमाँच्या बाजूचे आहेत. “आपल्या खात्यात दुसऱ्याचा हात कशाला?” हा त्यांचा मुद्दा मला समजतो. पण तो हात चुकला तर आठ आठवडे मी पैसे परत आणू शकतो. माझा स्वतःचा हात चुकला तर समोरच्याच्या चांगुलपणाची वाट बघावी लागते, हे मी अनुभवलं आहे. म्हणून, आणि फक्त एवढ्यासाठी, घर एजन्सीचं असेल तर माझं मत हळूच प्रेलेव्हमाँकडे झुकतं.

मालक खासगी असेल तर बहुधा त्याच्याकडे ICS नसतो आणि व्हिरमाँशिवाय मार्ग नसतो. मग सूचना देतानाच Date de fin हा रकाना भरा. फर्निचरसह घराचा करार साधारण वर्षाचा असतो, तर बारावा हप्ता ही शेवटची तारीख टाका. करार पुढे वाढला तर पुन्हा भरायचे कष्ट पडतात, पण विसरलेला हप्ता जाण्यापेक्षा ते परवडतं. आणि घर सोडताना रद्द करायचं ते Virements permanents च्या पानावरून. नंतर येणाऱ्या व्यवहारांत जाऊन पुढच्या दोन्ही महिन्यांच्या ओळी गेल्या आहेत का ते बघायचं.

दुसरं घर मी एजन्सीकडून घेतलं आणि भाडं प्रेलेव्हमाँने दिलं. ते सोडताना चावी देण्याच्या दिवशीच एजन्सीला मँडेट रद्द केल्याचं लेखी कळवलं, बँकेत RUM पडताळून तेवढंच रद्द केलं, आणि पुढच्या महिन्याच्या 5 तारखेला सकाळी स्क्रीन उघडली. फक्त नव्या घराची ओळ होती.