आकडा अंकात ठेवायचा, अक्षरात लिहायचा की टॅग लावायचा?

रोज संध्याकाळी केळीचे भाव यंत्राच्या आवाजात तयार करून शेतकऱ्यांच्या ग्रुपवर टाकतो. सुरुवातीला बाजाराची ओळ जशीच्या तशी चिकटवायचो:

```
दि. ५/६ रावेर G9 केळी १८५०-२१२५ रु./क्विं.
```

आवाज 'दि.'वर वाक्य संपल्यासारखा थांबला, तारखेला 'पाच भागिले सहा' म्हणाला आणि भावात 'वजा' घातलं. यावलहून लगेच फोन आला, "भाऊ, वजा कसले? तोलाई कापली का?"

अंक तसेच ठेवायचे तर कष्ट शून्य. सुटा '१८५०' बहुतेक आवाज नीट वाचतात. घोटाळा होतो तो आडव्या रेघेने, तिरक्या रेघेने आणि संक्षेपामागच्या टिंबाने. मोबाइल नंबर सलग लिहिला तर तो कोटी-लाखांत वाचला जाण्याचा धोका असतो. एकेका अंकामध्ये जागा सोडली की बहुधा तो टळतो.

अक्षरात लिहिलं की हेच वाक्य असं होतं: 'पाच जून. रावेर. जी नाईन केळी, साडेअठराशे ते सव्वाएकवीसशे रुपये क्विंटल.' सौदा याच भाषेत होतो, आणि 'साडे', 'सव्वा' मी वापरलेल्या एकाही आवाजाने आपणहून म्हटलेलं नाही. इंग्रजी शब्दांनाही हाच उपाय. G9 रोमनमध्ये ठेवला तर कधी 'जी नऊ' ऐकू येतं, आणि Raver असं लिहिलं तर गाव परकं होऊन बसतं. अडचण आपल्या हाताची आहे. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी घाईत लिहून बघा. अंक चुकला तर डोळ्यांना दिसतो, अक्षरातला सहज निसटतो.

तिसरा मार्ग एसएसएमएलचा, म्हणजे मजकुरातच उच्चार सांगणाऱ्या टॅगचा:

```
<sub alias="जी नाईन">G9</sub>
```

लिहिलेलं G9 तसंच राहतं, वाचलं जातं 'जी नाईन'. `say-as` हा टॅग मात्र जपून वापरा. त्यात तारीख, फोन वगैरे प्रकार सांगता येतात, पण ते प्रकार कोणते हे २०१०च्या एसएसएमएल १.१ मानकाने ठरवलेलं नाही. ते इंजिनागणिक बदलतात, मराठीला लागू होतीलच असंही नाही. शिवाय साध्या ॲपच्या चौकटीत टॅग चिकटवला तर काही ठिकाणी तो टॅगच वाचून दाखवला जातो.

दिवसाला पाच-सात ओळी असतील तर अक्षरात लिहा, मी तेच करतो. प्रोग्रॅमने शेकडो ओळी निघत असतील तर भाव अंकांतच साठवा आणि आवाजाकडे जाण्याआधी 'रु.'चं 'रुपये', दोन अंकांमधल्या आडव्या रेघेचं 'ते' असा बदल आपोआप करा. टॅग फक्त हट्टी नावांपुरते.

कुठलाही मार्ग घ्या, पाठवण्याआधी ओळ झाकून ऐका, ऐकलेला भाव कागदावर अंकांत लिहा आणि बाजाराच्या ओळीशी ताडून पाहा.